चौकटीच्या आतले आणि बाहेरचे

(चाळीतल्या भजनी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात, पडद्यावर जुने फोटो दाखवत केलेलं भाषण)

रामकृष्ण हरी, मंडळी. मागच्यांना पडदा दिसतोय ना? दिवा घालव रे जरा.

हा आपल्याकडचा सगळ्यात जुना फोटो. काळापांढरा, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा-पंधरा माणसं दाटीनं बसलीत. यातले बहुतेक गिरणीत, साचा खात्यात आणि कताईत. चेहरे स्पष्ट आहेत, पण हात बघा. टाळ धरलेले सगळे हात धुरकट आलेत. बल्बचा उजेड कमी, फोटो निघायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात टाळ हलले. म्हणजे ही मंडळी फोटोसाठी बसलेली नाहीत, भजन खरंच चालू आहे. फक्त उजवीकडच्या त्या पोराचे हात स्वच्छ दिसतात. तो वाजवायचा सोडून कॅमेऱ्याकडे बघतोय. ते पोरगं आज पहिल्या रांगेत बसलंय, नाव घेत नाही!

आता पखवाजाकडे या. डाव्या पुडीवर पांढरट गोल दिसतो, ती कणीक. पखवाजाला डावीकडे शाई नसते. गव्हाची कणीक सैलसर भिजवून मधोमध थापायची, तेव्हा तो घुमतो. कणीक कमी पडली तर आवाज चढा येतो, जास्त झाली तर थाप दबते आणि आवाज पुढे निघतच नाही. पंख्याखाली ती तासाभरात सुकायला लागते, मग पाण्याचा हात फिरवायचा. भजन संपलं की खरवडून काढायची, नाहीतर रात्रीत उंदीर पुडी कुरतडतात. आमच्या पहिल्या पखवाजाची एक पुडी अशीच गेली.

ही कणीक भिजवायचं कोण? फोटोत दाराच्या चौकटीशी नीट बघा. हिरव्या म्हणा, लाल म्हणा, बांगड्यांचा एक हात आणि हातात वाटी. चेहरा चौकटीबाहेर राहिला. संस्थापक म्हणून आपण नेहमी सात पुरुषांची नावं वाचतो, आजही वाचणार आहोत. पण दर एकादशीला खोली रिकामी करून पोरांना गॅलरीत झोपवणाऱ्या आणि कणीक भिजवणाऱ्या बाया मंडळाच्या वहीत कुठेच नाहीत. त्या काकींना आणि त्यांच्या जोडीच्या सगळ्याजणींना आज पहिला नमस्कार.

त्या वेळी भजनाचा क्रमही पाळ्यांवर ठरायचा. गजर, रूपाचा अभंग, मग बाकीचे अभंग इथवर दिवसपाळीची माणसं ओढायची. गवळण मात्र राखून ठेवत. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, ती मंडळी हातपाय धुऊन आली की गवळणीला उभारी यायची. भैरवी होईपर्यंत उजाडायला आलेलं असे आणि पहिल्या पाळीवाले तिथूनच डबा घेऊन गिरणीची वाट धरत. बुवांना कुणी विचारलं की गवळण केव्हा, तर ते म्हणत, "भोंगा झाला की."

पुढचा फोटो. माणसं किती विरळ झालीत बघा. हा संपानंतरचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आपले पखवाजवाले काका गावी गेले, शेतीत रमले, परत आले नाहीत. म्हणून इथे पखवाजाच्या जागी तबल्याची जोडी आहे. पेटीही उसनी. वर्गणी थांबली होती, पण एकादशी चुकली नाही. चहा कोरा असायचा, एवढाच फरक.

आणि हा रंगीत, आता पार तांबूस पडलेला. पुढच्या रांगेत टाळ बायकांच्या हातात आहेत. पुरुष कमी पडायला लागले तेव्हा त्या दाराआडून आत आल्या, हा त्याचा पुरावा. त्यातून एक अडचण झाली ती पट्टीची. पुरुष चढ्या पट्टीत गाणारे, बायकांना ती पेलेना. पखवाज गठ्ठे ठोकून एखाद-दीड सुरानं चढतो-उतरतो, त्यापलीकडे ओढला तर वादी तुटते किंवा आवाज बसतो. वाद बराच रंगला. शेवटी बायकांच्या पट्टीचा दुसरा पखवाज घेतला. तोच आज समोर ठेवलाय. माझ्या मते मंडळ टिकलं ते त्या खरेदीमुळे.

फोटोंच्या मागे नावं नाहीत. बाहेर टेबलावर प्रती आणि पेन्सिली ठेवल्यात. पेनानं लिहू नका, शाई पुढे फुटते. ओळखणाऱ्या आजी-आजोबांनी घरी जायच्या आधी तिथे बसावं, ही विनंती.

आता सातही संस्थापकांच्या घरच्यांनी पुढे यावं, आणि त्यांच्याबरोबर घरातल्या थोरल्या बाईनं यायलाच हवं. शाल-श्रीफळ तिच्या हाती द्यायचं ठरलंय. मग गजर लावू.