बीमला भोक पाडायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय, "स्लॅब ओतून झाला, आता प्लंबर म्हणतोय बीममधून पाईप काढायचाय, फोडू का?" नका फोडू. पाईपसाठी जागा आधीच स्लीव्ह टाकून ठेवायची असते. स्लीव्ह तुम्हाला माहितीये, पाईपपेक्षा एक साईज मोठ्या पाईपचा तुकडा, काँक्रीटच्या आधी सळीला बाइंडिंग वायरनं बांधायचा, दोन्ही तोंडं बंद करायची नाहीतर स्लरी आत जाते. स्लॅबमध्ये सळी बाजूला सरकवायची, कापायची नाही. झालं. आता बीमचं बोलू, कारण घोळ तिथंच होतो.

सांगलीत विश्रामबागला एका बंगल्यावर 9 बाय 18 इंचाचा बीम होता, त्यातून बाथरूमचा 75 मिमीचा पाईप न्यायचा होता. पाईप कोपऱ्यात लपतो म्हणून कॉलमला चिकटून ब्रेकर लावला, मी पोचेपर्यंत मेन सळ्यांभोवतीच्या दोन रिंगा ग्राइंडरनं कापलेल्या आणि खालच्या मेन सळीला खाच पडलेली. मला खरंच वाईट वाटलं हो, मालकानं आयुष्यभराची कमाई घातलेली त्यात. लगेच खाली टेकू लावले आणि इंजिनिअरला बोलावलं.

कॉलमजवळच का नाही? बीमला कात्रीसारखा ताण तिथं सगळ्यात जास्त असतो आणि तो पेलायला काँक्रीटसोबत रिंगाच लागतात.

पटत नसेल तर सळई बांधलेली असताना टेप लावून बघा. आमच्या त्या बीमला कॉलमजवळ रिंगा 4 इंचावर होत्या, मध्यावर 6 इंचावर. 75 च्या पाईपला 110 ची स्लीव्ह लागते, म्हणजे सव्वाचार इंचाच्या वर. कॉलमजवळ ती बसतच नाही, मध्यावर रिंगेला हात न लावता बसते! जागा कुठली ते रिंगाच सांगतात.

माप असं धरा, कॉलमच्या तोंडापासून बीमच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे इथं 3 फूट सोडायचे, आणि स्लीव्हचं सेंटर तळापासून 9 इंचावर, बरोबर मधोमध. स्लीव्ह उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी नको, इथं 6 इंच. दोन्ही बाजूला एकेक जादा रिंग, ती तुमच्या इंजिनिअरला विचारून. संडासच्या 110 च्या पाईपला 160 ची स्लीव्ह टाकली तर ती 6 इंचाच्या वर जाते, म्हणून तो पाईप बीममधून न्यायचाच नाही, स्लॅबमधून सरळ खाली डक्टमध्ये उतरवायचा.

एका दादांनी लिहिलंय, "कोअर कटिंग करू, हादरे बसत नाहीत." हादरे फारसे बसत नाहीत हे खरं, पण रिंग मध्ये आली तर मशीन तीपण कापतं.

आणि काँक्रीटच्या दिवशी व्हायब्रेटरची सुई स्लीव्हला लागली की ती सरकते, म्हणून चार ठिकाणी बांधा आणि त्या बीमचं काँक्रीट पडताना स्वतः तिथं उभे राहा. त्याआधी टेप लावून प्रत्येक स्लीव्हचा फोटो काढून ठेवा, प्लास्टर झाल्यावर प्लंबरला तोच दाखवायचा.