दार उघडणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो. जुलै 2020. कोविडमुळे ट्विटरचे कर्मचारी घरून काम करत होते आणि ऑफिसच्या यंत्रणेत शिरायचं व्हीपीएन सारखं अडत होतं. अशात काहींना फोन आले: 'मी आयटी हेल्पडेस्कवरून बोलतोय. तुमच्या व्हीपीएनची तक्रार आली होती ना, ती सोडवून देतो.' बोलणाऱ्याकडे त्या कर्मचाऱ्याची थोडीफार वैयक्तिक माहितीही होती. त्यानं एक वेबसाइट उघडायला सांगितली. ती दिसायला हुबेहूब खऱ्या व्हीपीएनच्या पानासारखी होती, पण बनावट. कर्मचारी तिथे पासवर्ड टाकत होता, आणि त्याच क्षणी पलीकडचा माणूस तोच पासवर्ड खऱ्या साइटवर टाकत होता. साहजिकच कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर खरीखुरी विचारणा आली, लॉगिन तुम्हीच करताय ना? काहींनी 'हो' दाबलं.

15 जुलैला बराक ओबामा आणि इलॉन मस्क यांच्यासारख्यांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागणारे संदेश झळकले. लोकांचे सुमारे 1 लाख 18 हजार डॉलर गेले. मुख्य सूत्रधार 17 वर्षांचा मुलगा होता.

अशी खोटी ओळख आणि खोटं कारण घेऊन माहिती काढण्याला प्रिटेक्स्टिंग म्हणतात. ट्विटरच्या या प्रकरणात कारण फार विचारपूर्वक निवडलं होतं, असं मला वाटतं. व्हीपीएनचा त्रास खरा होता. कर्मचारी आधीच वैतागलेला, आणि फोनवरचा माणूस मदत करायला आलेला. जो आपली अडचण सोडवतोय, त्याच्याकडे ओळखपत्र मागायचं आपल्याला सुचत नाही. शिवाय हेल्पडेस्कनं सांगायचं आणि आपण करायचं, ही रोजचीच सवय.

या सवयीची ताकद 1966 साली अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. वॉर्डात एकट्या असलेल्या नर्सला अनोळखी डॉक्टरचा फोन येई: अमुक रुग्णाला 'ॲस्ट्रोटेन' 20 मिलिग्रॅम द्या, सही मी आल्यावर करतो. डबीवर स्वच्छ छापलेलं होतं की दिवसाला जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम. फोनवरून असे आदेश घेणं नियमातही बसत नव्हतं. औषधाचं नाव अर्थातच बनावट होतं, आत निरुपद्रवी ग्लुकोज होतं आणि नर्सला वेळीच थांबवलं जाई. 22 पैकी 21 जणी औषध द्यायला निघाल्या होत्या. दुसऱ्या 12 नर्सना हाच प्रसंग नुसता सांगून विचारलं, तेव्हा 10 जणी म्हणाल्या, आम्ही दिलं नसतं. म्हणून 'मी फसलो नसतो' या खात्रीवर विसंबू नका. ती फोन वाजण्याआधीची असते.

टेलगेटिंगमध्ये फोनही लागत नाही. कार्ड दाखवून उघडणारं ऑफिसचं दार. तुम्ही कार्ड लावता, मागून एक जण दोन्ही हातांत खोकी घेऊन येतो. 'अहो, जरा दार धरता का?' तुम्ही धरता. इथे अधिकाराची भीती नाही, भिडेचा प्रश्न आहे. कार्ड विचारणं म्हणजे समोरच्याला चोर म्हटल्यासारखं वाटतं, आणि तेवढा अवघडलेपणा टाळायला आपण त्याला आत घेतो. एकदा तो आत आला की बाकीचे समजतात, दारावर कुणीतरी पाहिलंच असेल. यावर 'कडक वागा' असं कर्मचाऱ्यांना सांगून फारसं साधत नाही. त्यापेक्षा भीड न मोडता म्हणता येईल असं वाक्य द्यावं: 'द्या एक खोकं माझ्याकडे, चला रिसेप्शनवर, तिथे तात्पुरतं कार्ड मिळतं.' खरा सहकारी दोन मिनिटं खर्च करून येतो. दुसऱ्याला अचानक काहीतरी आठवतं.

नर्सचा प्रयोग 1977 मध्ये रँक आणि जेकबसन यांनी पुन्हा केला. या वेळी औषध ओळखीचं होतं आणि नर्सना सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक होती. 18 पैकी दोघीच औषध द्यायला तयार झाल्या. बदल दोन होते, त्यामुळे सगळं श्रेय एकालाच देता येत नाही. पण शेजारी विचारायला माणूस असणं किती महत्त्वाचं, हे ठगांना पक्कं ठाऊक आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या कॉलमध्ये खोटा पोलीस अधिकारी पहिली अट काय घालतो? कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. आपल्या कायद्यात अशी व्हिडिओवरची अटक नाहीच. ती अट कानावर पडली की तिथेच फोन ठेवा, घरातल्या माणसाला हाक मारा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 हा नंबर लावा.