९२ फटके, पण कुठल्या कोर्सवर?

न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडवर, बेथपेज ब्लॅक नावाचा सार्वजनिक गोल्फ कोर्स आहे. पहिल्या टीजवळच, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथेच, पाटी दिसते: हा कोर्स अतिशय अवघड आहे, कसलेल्या खेळाडूंनीच खेळावा. पण अवघड म्हणजे नेमका किती? आणि कोणासाठी?

त्याचं उत्तर दोन आकड्यांत असतं. पहिला, कोर्स रेटिंग. खेळाडूचा दर्जा हँडिकॅप या आकड्याने मोजतात, तो जितका कमी तितका खेळाडू चांगला. स्क्रॅच गोल्फर, म्हणजे हँडिकॅप शून्य असलेला खेळाडू, नेहमीच्या हवामानात इथे साधारण किती फटके घेईल, ते हा आकडा सांगतो.

दुसरा आकडा स्लोप, आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार. स्लोप म्हणजे मैदानाचा चढउतार नव्हे, नुसती काठिण्यपातळीही नव्हे. स्क्रॅच गोल्फर आणि बोगी गोल्फर, म्हणजे सुमारे २० हँडिकॅपचा पुरुष, यांच्यातलं अंतर या कोर्सवर किती वाढतं, हे तो मोजतो. तो ५५ ते १५५ मध्ये असतो. ११३ हा प्रमाण आकडा.

हे अंतर वाढतं कसं? समजा, टीसमोर एक तळं आहे. पलीकडच्या काठावर पोचायला चेंडू १९० यार्ड हवेतून जायला हवा. रेटिंग करणारे स्क्रॅच पुरुषाचा पहिला फटका २५० यार्डांचा धरतात. त्याला तळं जाणवतही नाही. बोगी गोल्फरचा फटका धरतात २०० यार्डांचा, तोही जमिनीवरून घरंगळण्यासकट. त्याचा चेंडू पाण्यातच जाणार. तळं एकच, पण शिक्षा एकालाच.

आता समजा, आपण दोन कोर्सवर ९२-९२ फटके घेतले. पहिल्याचं रेटिंग ६९, स्लोप ११३. दुसऱ्याचं रेटिंग ७३.४, स्लोप १४०. हिशोब असा: फटक्यांतून रेटिंग वजा करायचं, उरलेल्याला ११३ ने गुणून स्लोपने भागायचं. पहिल्या कोर्सवर येतात २३. दुसऱ्यावर १८.६ गुणिले ११३ भागिले १४०, म्हणजे १५. हँडिकॅप ठरतो तो याच आकड्यांवरून: शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ घेऊन त्यांची सरासरी. कार्डावर दोन्हीकडे ९२ असले, तरी दुसरी फेरी मला कितीतरी सरस वाटते.

एक मर्यादा मात्र आहे. रेटिंग नेहमीच्या दिवसाचं असतं. त्या दिवशी वादळी वारा सुटला आणि सगळ्यांचेच फटके वाढले, तर २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत त्या दिवसापुरती वेगळी दुरुस्ती होते.

आणि हे आकडे अख्ख्या कोर्सला एकच नसतात, मागच्या-पुढच्या प्रत्येक टीला वेगळे असतात, स्त्रियांसाठीही वेगळे. पुढच्या टीवरून तेच तळं १३० यार्डांत पार होतं. म्हणूनच स्कोअर लिहिताना कुठल्या टीवरून खेळलो, तेही लिहावं लागतं.