सरकणं थांबलं म्हणजे हवाच शिरली, असं नाही

(निवासी डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अल्ट्रासाउंडच्या लहरी हवेला धडकून परत फिरतात. म्हणून फुप्फुस हा काही सोनोग्राफीचा अवयव नाही, असंच आम्हाला शिकवलं गेलं. फ्रान्समधले अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी मात्र हवेमुळे पडद्यावर जे भास उमटतात तेच वाचायला सुरुवात केली. दम लागलेल्या रुग्णाचं फुप्फुस सोनोग्राफीने तपासायची त्यांची ‘ब्लू’ पद्धत २००८ साली प्रसिद्ध झाली. आज मी त्यातलं एकच प्रकरण घेणार आहे, कारण त्यात घाईघाईत नको तिथे सुई टोचली जाते.

अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ. तालुक्याच्या गावी न्यूमोनियासाठी दाखल होते, दम वाढला म्हणून तिथेच श्वासनलिकेत ट्यूब घातली आणि रुग्णवाहिकेने आमच्याकडे आणलं. ऑक्सिजन ८६. डावीकडे स्टेथोस्कोपला आवाज नाही. रक्तदाब मात्र व्यवस्थित होता. आमचा रेसिडेंट म्हणाला, “सर, न्यूमोथोरॅक्स आहे, आयसीडी टाकू या.” म्हणजे फुप्फुसाभोवती हवा शिरली आहे, ती काढायला छातीत नळी घालू या. मी म्हटलं, आधी प्रोब आण.

उताण्या झोपलेल्या माणसाच्या छातीत मोकळी हवा पुढच्या बाजूला जमते, म्हणून सुरुवात पुढून करायची. प्रोब उभा धरायचा, म्हणजे दोन बरगड्या आणि त्यांच्या काळ्या सावल्या दिसतात. त्या दोघींच्या मध्ये, बरगड्यांच्या पातळीपेक्षा साधारण अर्धा सेंटिमीटर खाली, एक पांढरी चकाकती रेघ असते. तीच प्लुरल लाइन, म्हणजे प्लुराची, फुप्फुसाच्या आवरणाची रेघ. निरोगी माणसात ही रेघ श्वासाबरोबर सरकते, कारण फुप्फुसाचं आवरण छातीच्या आतल्या आवरणावर घासत असतं. तिच्या खाली आडव्या रेघा दिसतात, त्या ए-लाइन्स. कातडीपासून प्लुरा दोन सेंटिमीटरवर असेल तर पुढची रेघ चारवर, त्यापुढची सहावर. तिथे खरं काही नसतं, ते नुसते प्रतिध्वनी. मात्र ए-लाइन्स निरोगी फुप्फुसातही दिसतात आणि न्यूमोथोरॅक्समध्येही. फरक कळतो तो सरकण्यावरून.

आमच्या रुग्णाच्या उजव्या बाजूला रेघ छान सरकत होती. डावीकडे स्थिर. रेसिडेंटने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून पाच सेकंद बघ. रेघ सरकत नव्हती, पण नाडीच्या तालावर बारीक थरथरत होती. याला लंग पल्स म्हणतात. हृदयाचा ठोका फुप्फुसातून प्लुरापर्यंत पोचतोय, म्हणजे त्या जागी दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये हवा नाही. न्यूमोथोरॅक्समध्ये ही थरथर दिसायची नाही. मग फुप्फुस हलत का नाही? कारण त्यात वारा जातच नाही.

ओठांपाशी ट्यूबवरचा आकडा पाहिला, २६ सेंटिमीटर. ती उजव्या मुख्य श्वासनलिकेत उतरली होती. ट्यूबच्या टोकाचा फुगा मोकळा करून २२ वर आणली. डावी रेघ सरकू लागली, ऑक्सिजन हळूहळू वर आला. आयसीडीचा ट्रे तसाच बंद राहिला.

याउलट खरा न्यूमोथोरॅक्स असता तर सरकणं नाही, थरथर नाही आणि एकही बी-लाइन नाही. मग प्रोब बाजूला नेत न्यायचा. जिथे फुप्फुस श्वासागणिक डोकावून परत मागे जातं, तो लंग पॉइंट सापडला की निदान पक्कं. पूर्ण मिटलेल्या फुप्फुसात मात्र तो सापडत नाही. आणि कातडीखाली हवा शिरली असेल तर बरगडीच दिसत नाही. तिथे प्रोबचा नाद सोडा.

बी-लाइन हा शब्द आला म्हणून सांगतो. प्लुरापासून टॉर्चच्या झोतासारखी पडद्याच्या तळापर्यंत जाणारी, ए-लाइन पुसून टाकणारी उभी रेघ. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत तीन किंवा जास्त असतील तर फुप्फुस ओलं आहे. दोन्हीकडे सारख्या पसरलेल्या असतील तर आधी हृदयाचा विचार करा, एकाच ठिकाणी असतील तर न्यूमोनियाचा.

या गृहस्थांचा न्यूमोनिया उजव्या तळाला होता. तिथे आधी डायाफ्राम शोधायचा. ही पायरी गाळलीत तर यकृत बघून ‘न्यूमोनिया सापडला’ म्हणाल, माझ्या डोळ्यांदेखत असं झालेलं आहे. डायाफ्रामच्या वर काळा पट्टा होता, म्हणजे थोडं पाणी. त्यातून पाठीचा कणा छातीतही दिसत होता. हवेच्या फुप्फुसामागे तो दिसत नाही, पाणी असलं की दिसतो. पाण्यात यकृतासारखं घट्ट फुप्फुस, आणि त्यात नलिकांमधल्या हवेचे पांढरे ठिपके श्वासाबरोबर पुढे-मागे पळत होते. श्वासनलिका उघडी आहे, भोवती पू-स्राव साठलाय, हा न्यूमोनिया. नलिका बुजून फुप्फुस मिटलेलं असेल तर हे ठिपके बहुधा जागच्या जागी राहतात.

पुढे डावा तळही पाहिला. तिथेही फुप्फुस घट्टच होतं, पण ठिपके स्थिर. ट्यूब मागे घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. तासाभराने पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा त्याच जागी बी-लाइन्स होत्या, हवा परत शिरत होती.