मूनकेकचा डबा आला, आता उत्तर काय लिहायचं?

विषय आहे सप्लायरला चायनीजमध्ये आभाराचा मेसेज कसा लिहायचा, पण आधी त्या डब्याचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. २०२५ ला ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी होती आणि त्याच दिवशी चिनी लोकांचा चोंगछ्यू, मूनकेक भेट देण्याचा सण, म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्यातली पौर्णिमा. दरवर्षी जुळत नाही हां, २०२४ ला त्यांचा सण १७ सप्टेंबरलाच होऊन गेला, आपली अनंत चतुर्दशी होती त्या दिवशी.

तर फोशानच्या सप्लायरचा डबा आला, चार मूनकेक, आत कमळबियांचा गोड गर आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा बलक, कापला की अगदी पौर्णिमेचा चंद्र. आमच्या ऑफिसात निम्मे शाकाहारी, त्यात वरच्या कव्हरात कधी डुकराची चरबीही असते, म्हणजे सगळे खाणार नव्हतेच. आमच्या एका सहकाऱ्याने इंग्रजीत मेसेज लिहून मशीनने भाषांतर करून तसाच वीचॅटवर टाकला. ‘डिअर’चं झालं 亲爱的, हे जवळच्या माणसाला म्हणतात, मॅनेजरला नाही. मूनकेकचं झालं 月亮蛋糕, म्हणजे चंद्राचा स्पंज केक, खरा शब्द 月饼, य्वेबिंग. आणि शेवटची ओळ, ‘माल लवकर पाठवा’! मला अजून वाईट वाटतं, त्या माणसाने प्रेमाने डबा पाठवला आणि आपण त्याला तगादा लावला. उत्तरात फक्त 收到 आलं, ‘मिळालं’, बस.

वेळ संपत आलीय, तर मेसेजच दाखवतो, समोरच्याचं आडनाव 陈, छन, धरा:

```
陈经理，您好！月饼已收到，同事们都很高兴，
谢谢您的心意，也感谢您一直以来的支持。
祝您和家人中秋快乐，阖家团圆！
```

आधी आडनाव, मग हुद्दा, 经理 म्हणजे मॅनेजर, मालक असेल तर 经理 च्या जागी 总. ‘तुम्ही’साठी 您, नीन, साधा 你 म्हणजे आपला ‘तू’, तो इथे नको. 心意, शिनयी, म्हणजे भेटीमागची भावना, तिचे आभार मानले की चव कशी होती यावर खोटं बोलावं लागत नाही. 支持 म्हणजे साथ, धंद्याचं नातं तेवढ्या एका शब्दात येतं, रेट नाही, ऑर्डर नंबर नाही. शेवटी 团圆, घरचे सगळे एकत्र, गोल चंद्र आणि गोल मूनकेक दोन्ही त्याचंच चिन्ह, म्हणून ही ओळ गाळू नका.

मेसेज सणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी जाऊ द्या. मालाचं काय? २०२५ ला १ ते ८ ऑक्टोबर तिकडे सुट्टीच होती, विचारून उपयोग नव्हता. २०२६ ला सण २५ सप्टेंबरला आहे आणि मोठी सुट्टी १ ऑक्टोबरला लागते, म्हणजे डिस्पॅचचं विचारायला मधे थोडेच दिवस मिळतात, ते २८ तारखेला सोमवारी वेगळ्या मेसेजमध्ये विचारा.