टीव्हीशेजारचा एक कागद

श्रोतेहो, नमस्कार. घरातली कर्ती माणसं कामावर, आजी-आजोबा घरी, आणि मालिकेच्या वेळेला टीव्ही बंद. अशा वेळी फोनवरून "ते मागचं बटण दाब, नाही, ते नव्हे" असं सांगत बसण्यापेक्षा टीव्हीशेजारी एक कागद लावून ठेवावा. डिशचा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला HDMI वायरने जोडलेला आहे, असं धरून आज त्या कागदाबद्दल बोलू. कागद ए-फोर आकाराचा, एकाच बाजूला लिहिलेला, अक्षर चष्मा नसतानाही वाचता येईल एवढं मोठं. आधी दोन्ही रिमोटवर पट्टी चिकटवा: एकावर 'टीव्ही', दुसऱ्यावर 'बॉक्स'. निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

कागदावरची पहिली ओळ दिव्यांची. टीव्हीच्या खालच्या कडेला बारीक दिवा असतो, बॉक्सवरही असतो. दोन्हींकडे बघा. एकही दिवा नसेल तर भिंतीवरचं बटण किंवा एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद आहे. झाडू मारताना ते हमखास दाबलं जातं. फक्त बॉक्सचा दिवा नसेल तर त्याच्या अडॅप्टरची पिन मागून निसटली आहे का ते पाहा. बॉक्स चालू असताना दिव्याचा रंग कोणता आणि झोपलेला असताना कोणता, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. म्हणून सगळं सुरळीत चालू असेल त्या दिवशी स्वतः बघून तो रंग कागदावर लिहा.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची: पडद्यावरची सूचना कोणाची आहे? पडद्यावर नुसतं No Signal असेल तर ते टीव्ही बोलतोय. त्याला बॉक्सकडून चित्रच मिळत नाही. पण कंपनीचं चिन्ह, एरर नंबर किंवा रिचार्ज संपल्याचा मजकूर दिसत असेल, तर बोलतोय बॉक्स. म्हणजे टीव्ही, बॉक्स आणि मधली वायर तिन्ही ठीक आहेत. मग वायरी उपसण्यात अर्थ नाही. गडबड छतावरच्या डिशकडे आहे किंवा रिचार्जमध्ये.

एक उदाहरण घेऊ. दुपारी लाइट गेली, तासाभराने आली. टीव्ही लावला तर No Signal. टीव्हीचा दिवा आहे, बॉक्सचाही आहे. आता 'बॉक्स' लिहिलेल्या रिमोटचं पॉवर बटण एकदा दाबायचं आणि दोन मिनिटं थांबायचं, कारण लाइट आल्यावर काही बॉक्स झोपलेलेच राहतात आणि जागं व्हायला त्यांना वेळ लागतो. तरी चित्र नाही? मग 'टीव्ही' रिमोटवरचं Source किंवा Input बटण दाबायचं. पडद्यावर HDMI 1, HDMI 2 अशी यादी येते. बॉक्स कोणत्या भोकात जोडलाय ते टीव्हीच्या मागे पाहून तुम्ही कागदावर आधीच लिहिलेलं असलं पाहिजे: 'आपला बॉक्स HDMI 1'. तेच निवडायचं.

रिमोटच चालत नसेल तर आधी सेल बदला. रिमोटचं तोंड मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की साधारणपणे फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. तो दिसला तर रिमोट चांगला आहे. मग बॉक्सच्या तोंडासमोर फोटोफ्रेम किंवा फुलदाणी तर आली नाही ना, ते बघा. काही नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

यानंतरच बंद-चालू. बॉक्सचं भिंतीवरचं बटण बंद करायचं, मिनिटभर थांबायचं, मगच चालू. झटकन बंद-चालू केलं तर आतली वीज पुरती उतरत नाही आणि अडकलेला बॉक्स अडकलेलाच राहतो. वायर हलवून बघायची तीही बटण बंद असतानाच.

पावसाचं वेगळं. जोराच्या सरीत पाणीच डिशकडे येणारा सिग्नल शोषून घेतं. सर ओसरल्यावर अर्धा तास वाट पाहा. आभाळ मोकळं होऊनही सगळे चॅनल गायब असतील तर डिश वाऱ्याने हलली असेल. छतावर कोणीही चढायचं नाही, माणूस बोलवायचा. एकच चॅनल गेला असेल तर बहुधा तो पॅकमधून निघालाय.

कागदाच्या तळाशी ग्राहक क्रमांक, नोंदणीचा मोबाइल नंबर आणि कंपनीच्या बिलावरचा मदत क्रमांक. इंटरनेटवर शोधलेला नंबर नको, तिथं भामटे बसलेले असतात. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही आणि मोबाइलवर कोणी सांगेल ते ॲप घ्यायचं नाही, हे लाल शाईत लिहा. Factory Reset ला हात लावू नये, हेही. चॅनलची मांडणी आणि आवडीची यादी पुसली जाते.

कागद लावलात की मुद्दाम Source बदलून ठेवा आणि घरातल्यांना कागद वाचून टीव्ही लावू द्या. ज्या ओळीवर ते अडखळतील, ती ओळ पुन्हा लिहा.