पतंग, छत्री आणि पाच दहाची एसटी

बसा बसा, मागच्यांनी पुढे यायला हरकत नाही, पुढच्या रांगेला मी प्रश्न विचारत नाही. आधी एक छोटासा सर्वे घेतो. रविवारी सकाळी साडेनऊला संख्याशास्त्रावरचं व्याख्यान ऐकायला कोणाकोणाला आवडतं? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. त्या कोपऱ्यातले दोघं सोडून, त्यांना बहुतेक घरून पाठवलंय. आता हे कोणी पेपरात छापलं की "गावातल्या 95 टक्के लोकांना संख्याशास्त्राची गोडी", तर खोटं कोणीच बोललेलं नाही, पण ज्यांना गोडी नाही ते आत्ता घरी पोहे खातायत आणि त्यांना कोणी विचारलेलंच नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, पुढचा तास त्याच्या पुराव्यात जाणार.

तर आमच्या अकरावीच्या पोरांचा प्रोजेक्ट. शाळेत नकली निवडणूक घ्यायची, त्याआधी वेगवेगळ्या पद्धतींनी मतदार निवडून अंदाज काढायचा आणि खरा निकाल लागला की कोणाचा अंदाज कुठे घसरला ते बघायचं. आठवी ते बारावी मिळून मतदार 800 धरा (आकडे मी जरा गोल केलेत, फळ्यावर सोपे जातात). त्यातले 480 गावातलेच, चालत नाहीतर सायकलवर येणारे, आणि 320 आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे. उमेदवार दोन, चिन्हं पतंग आणि छत्री. पतंगाचं आश्वासन, मैदान संध्याकाळी सातपर्यंत उघडं आणि क्रिकेटचा नवा किट. छत्रीचं आश्वासन, शेवटचा तास दहा मिनिटं आधी सोडायचा म्हणजे पाच दहाची एसटी न धावता मिळेल, आणि स्टॉपवर पत्र्याची शेड.

इथेच तुम्हाला निकालाचा वास आला असेल. पोरांना आला नव्हता, आणि तो येऊ नये म्हणूनच मी गप्प बसलो होतो.

एक गोष्ट मात्र आम्ही हुशारीने केली होती, मतपत्रिका दोन रंगांच्या छापल्या. गावातल्यांना पांढरी, एसटीवाल्यांना पिवळी. नाव कुठेच नाही, गुप्तता शाबूत, पण मोजताना कळणार की कुठल्या गटाने काय केलं. निकाल असा लागला: पांढऱ्या 480 पैकी 312 पतंगाला, म्हणजे 65 टक्के. पिवळ्या 320 पैकी फक्त 64, म्हणजे 20 टक्के. एकूण पतंग 376, छत्री 424. छत्री 53 टक्क्यांनी निवडून आली. हा निकाल तुम्ही डोक्यात ठेवा, पोरांना तो शेवटपर्यंत माहीत नव्हता.

पहिला गट गेला मैदानावर, शाळा सुटल्यावर सव्वापाचला. वहीपेन घेऊन, एकदम पत्रकाराच्या थाटात. 60 जणांना विचारलं, 41 पतंगवाले, 68 टक्के. खूश होऊन आले, सर, एकतर्फी आहे. मी विचारलं, त्या 60 मध्ये एसटीने येणारे किती? एकमेकांकडे बघायला लागले. एकही नाही. अरे, पाच दहाची गाडी गेल्यावर सव्वापाचला मैदानावर एसटीवाला भेटेल कसा, तो शेवटच्या तासाला अर्धं दप्तर भरूनच बसलेला असतो. आणि गंमत म्हणजे यात कोणाचीच लबाडी नाही. निवडणुकीचा मुद्दाच एसटी होता आणि सर्वेची वेळ एसटी गेल्यानंतरची होती. ज्या कारणामुळे माणूस तुमच्या हाती लागत नाही तेच कारण त्याचं मत ठरवत असेल, तर अंदाज बोंबलणार. एसटीवाल्यांचं आणि गावातल्यांचं मत सारखंच असतं तर मैदानावरचा सर्वेसुद्धा ठीकच निघाला असता. नमुना नुसता वेडावाकडा असून भागत नाही, तो वेडेपणा मताशी जोडलेला असावा लागतो तेव्हा नुकसान होतं.

दुसऱ्या गटाने गूगल फॉर्म केला. आता माझी जुनी तक्रार ऐका, मी ती जाईन तिथे सांगतो, ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी चहा सांगून यावं. फॉर्म व्हॉट्सॲपवर सोडला, पहिल्या तासात तो क्रिकेट टीमच्या ग्रुपवर गेला, तिथून वर्गांच्या ग्रुपवर, आणि दोन दिवसांत 210 उत्तरं. 151 पतंगाला, 72 टक्के. म्हणजे साडेतीनपट लोकांना विचारून हे मैदानवाल्यांपेक्षाही जास्त चुकले. पुढे हाच प्रोजेक्ट एका प्रदर्शनात मांडला, सगळे गट आपापले तक्ते घेऊन उभे. परीक्षक आले, गृहस्थ तसे सज्जन, प्रत्येकाला एकच प्रश्न, सॅम्पल किती? 60. हं. 80. हं. 210! अरे वा! आणि बक्षीस फॉर्मवाल्यांना! ज्यांचा अंदाज सगळ्यात वाईट त्यांना ढाल आणि सर्टिफिकेट, कारण पाय चार्ट रंगीत होता आणि आकडा मोठा होता. ज्या पोरीने 80 जणांना शोधायला तीन दिवस पायपीट केली तिला सहभागाचं प्रमाणपत्र. मी काही बोललो नाही. म्हणजे तिथे बोललो नाही, इथे बोलतोय.

त्या परीक्षकांना 1936 ची गोष्ट सांगायला हवी होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, अमेरिकेतलं लिटररी डायजेस्ट नावाचं साप्ताहिक. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी त्यांनी साधारण 1 कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, 23 लाखांच्या आसपास परत आल्या. एवढा नमुना आजही सहसा कोणी घेत नाही. अंदाज काय, तर सत्तेवर असलेल्या रूझवेल्टला हरवून लँडन 57 टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट 61 टक्क्यांच्या जवळ, लँडनला फक्त दोन राज्यं. त्याच वेळी जॉर्ज गॅलप या सर्वे घेणाऱ्याने पन्नासेक हजार लोकांवरून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं होतं. पुस्तकात कारण देतात की पत्ते टेलिफोनच्या याद्यांमधले आणि मोटारमालकांच्या नोंदींमधले, म्हणजे खात्यापित्या लोकांचे. ते आहेच. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, 1 कोटीतल्या पाऊण कोटीहून जास्त लोकांनी उत्तरच दिलं नाही. ज्याला सरकारवर राग आहे तो लगेच भरून पोस्टात टाकतो, ज्याचं बरं चाललंय तो कार्ड टेबलावर ठेवून विसरतो. आमचा फॉर्म म्हणजे हेच, फक्त पोस्टमन नाही.

जाता जाता आपल्या माणसाचं नाव घेतो, संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडचे. 1940 च्या दशकात पिकाचा अंदाज काढायला शेतात छोटासा तुकडा आखून तेवढीच कापणी करायचे आणि त्यावरून एकराचं उत्पन्न. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार छोटा घेतला की उत्पन्न जास्त दिसतं. का, तर कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर हा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. मोजणारा प्रामाणिक होता बरं का! मला हे फार आवडतं, यावर मी अजून अर्धा तास

बरं, अध्यक्ष मॅडम चिठ्ठी पाठवतायत, दहा मिनिटं. पद्धतींची तुलना हा खरा विषय होता, तो आता पळवतो.

तिसरा गट कोट्याचा. प्रत्येक वर्गातून ठरावीक मुलं, ठरावीक मुली, कागदावर अगदी समतोल, पण त्यातली नेमकी कोण हे विचारणाऱ्यावर सोडलेलं. माणूस ओळखीच्याला विचारतो. 60 मध्ये 35 पतंग, 58 टक्के. थोडं सुधारलं, पण मुलगा-मुलगी या वाटणीला एसटीशी काही देणंघेणं नव्हतं.

चौथा गट खऱ्या रँडमचा. हजेरीपटावरून 1 ते 800 क्रमांक दिले, कॅल्क्युलेटरवर Ran# दाबायचं, 0.457 आलं तर 457 नंबरचा मतदार, 800 च्या वर किंवा 000 आलं तर टाकून द्यायचं, तोच नंबर परत आला तरी टाकून द्यायचं. असे 80. यादी झाल्यावर खरी परीक्षा. जुलै महिना, पाऊस, पहिल्या दिवशी भेटले 71, 9 गैरहजर, त्यातले 7 एसटीचे. अर्थातच, गाडीच आली नव्हती! पोरं म्हणाली, सर, त्यांच्या बाकावरचे शेजारी घेऊ का? हा मोह फार मोठा असतो. भेटलेल्या 71 मध्ये 35 पतंगवाले होते. हजर असलेले गावातले 9 शेजारी घेतले असते तर त्यातले सहाएक पतंगाचे, म्हणजे 41, आणि 51 टक्क्यांनी पतंग विजयी. तसं न करता ती पोरगी पुढचे दोन दिवस त्याच 9 जणांच्या मागे लागली. त्यात पतंगवाले 2 निघाले. एकूण 80 मध्ये 37, म्हणजे 46 टक्के.

टाळ्या नकोत, कारण यात नशीबही आहे. 80 च्या नमुन्याला इकडेतिकडे दहा टक्के चूक सहज होते, दुसऱ्या 80 चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर 54 टक्के सुद्धा आले असते. आम्ही वर्गात ते करूनही बघितलं, डब्यात 376 पांढरे आणि 424 लाल मणी, परत परत 80 काढायचे. आकडा 47 च्या आजूबाजूला नाचतो. हे नाचणं मणी वाढवले की कमी होतं. मैदानावरच्या सर्वेत लोक वाढवले तरी नाचणं कमीच होतं, पण ते 65 वर येऊन थांबतं, 47 कडे सरकत नाही. परीक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाने फक्त नाचणं कळतं. यादीतून 48 गावातले आणि 32 एसटीचे असे वेगवेगळे रँडम काढले तर आपल्या उदाहरणात दहा टक्क्यांची चूक नऊच्या जरा वर येते. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही.

शेवटचा मुद्दा, निकाल लागायच्या आधी कळतं का की नमुना बिघडलाय? थोडंफार कळतं. पासासाठी शाळेच्या ऑफिसात एसटीवाल्यांची यादी असते. शाळेत ते 40 टक्के, फॉर्मच्या 210 मध्ये फक्त 18, म्हणजे 9 टक्केही नाहीत. एकही मत न मोजता घंटा वाजायला हवी. मग हुशार पोरं म्हणतात, सोपं आहे, त्या 18 जणांना वजन देऊ, 9 चे 40 करू. केलं. 72 वरून अंदाज उतरला 62 वर. तरी पतंगच! कारण त्या 18 मध्ये 8 पतंगवाले होते, जवळपास निम्मे, आणि सगळ्या एसटीवाल्यांमध्ये पाचात एक. चौकशी केली तर त्यातले बरेच जण टीममधले, सरावाला थांबून शेवटच्या गाडीने जाणारे. पास एसटीचाच, पण पाच दहाची गाडी त्यांना कधी पकडायचीच नसते.

चला, मॅडम उभ्याच राहिल्या. प्रश्न चहाच्या टेबलावर.